झडीच्या दिवसांत हायब्रिड इन्व्हर्टरला जनरेटरची जोड

सौर पॅनेल, बॅटरी आणि बाहेरून येणारा एसी पुरवठा या तिघांची जबाबदारी हायब्रिड इन्व्हर्टर एकटा सांभाळतो. ऊन असले की घर पॅनेलवर चालते आणि उरलेली वीज बॅटरीत जाते. रात्री बॅटरी कामाला येते आणि तीही उतरली की बाहेरचा पुरवठा. हा बाहेरचा पुरवठा बहुतेक घरांत महावितरणचा असतो. पण सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात आषाढात झाडे तारांवर पडतात, दोन-तीन दिवस लाइन येत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत ऊनही नसते. अशा वेळी बाहेरच्या पुरवठ्याची जागा जनरेटरने घ्यायची असते. ही जोडणी वरवर सोपी दिसते, दोन तारांचेच काम वाटते. प्रत्यक्षात जनरेटर सुरू असूनही बॅटरी भरत नसल्याची तक्रार जागोजागी ऐकू येते. तिचे मूळ बहुधा तारांत नसून चार्जिंगचा करंट किती ठेवला आहे यात असते.

ढगांमुळे पॅनेल किती मंदावतात याचा अंदाज आधी असावा. पॅनेलला थेट ऊन लागते असे नाही. ढगांतून झिरपणाऱ्या उजेडावरही ते थोडी वीज देतात. आंबोलीसारख्या धो धो पावसाच्या गावी 3 किलोवॅटचे पॅनेल बसवलेले घर उदाहरण म्हणून धरता येईल. एप्रिलमध्ये तिथे दिवसाला 12 युनिटच्या आसपास वीज मिळते. जुलैत धुके उतरून दिवसभर संततधार लागली की हाच आकडा दोन-अडीच युनिटवर येतो. फ्रिज, दिवे, टीव्ही, वायफाय, मिक्सर आणि थोडा वेळ पाण्याचा पंप एवढा वापर धरला तर घराला रोज 7 युनिट लागतात. म्हणजे रोज साडेचार ते पाच युनिटची तूट. घरात 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या दोन लिथियम फॉस्फेट बॅटऱ्या आहेत. त्यांची एकूण साठवण सव्वादहा युनिट असली तरी वापरण्याजोगी सुमारे आठच. लाइन गेल्यावर हे घर जेमतेम पावणेदोन दिवस तग धरते.

या घरात 5 केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे. तो थेट घराला जोडून दिवसरात्र चालवत ठेवणे हा सर्वांत महाग मार्ग. घराचा सरासरी भार 300 वॅटच आहे, पण एवढ्यासाठीही इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेतच राहते आणि तासाला अर्ध्या लिटरहून जास्त डिझेल जाळते. दिवसाला चौदा-पंधरा लिटर सहज जातात. शिवाय हलक्या भारावर इंजिन नीट तापत नाही. अर्धवट जळालेले डिझेल आणि काजळी सायलेन्सरमध्ये चिकट काळ्या थरासारखी साचते, धूर वाढतो, तेल लवकर खराब होते. डिझेल इंजिनावर 30 टक्क्यांहून कमी भार फार वेळ ठेवू नये असे म्हणतात ते यासाठीच. तेच इंजिन तीन किलोवॅटच्या भारावर तासाला साधारण सव्वा लिटरपर्यंत डिझेल घेते, म्हणजे भार दसपट होऊनही इंधन फार तर दुप्पट लागते. म्हणून जनरेटर दोन-अडीच तास चांगल्या भारावर चालवावा, त्यातून बॅटरी भरून घ्यावी, आणि उरलेला वेळ तो बंद ठेवावा. बॅटरी असण्याचा खरा फायदा इथे दिसतो.

आता किती करंटने भरायचे ते पाहावे लागते. 5 केव्हीए हा आकडा पाटीवर असला तरी 0.8 पॉवर फॅक्टर धरून त्यातून मिळतात 4 किलोवॅट. सतत चालवायचे तर त्याच्या तीन-चतुर्थांशावर, म्हणजे 3 किलोवॅटवर थांबणे शहाणपणाचे. (लहान पेट्रोल जनरेटरच्या पाटीवर पुष्कळदा दोन आकडे असतात, एक कमाल आणि एक सततचा. हिशेब नेहमी सततच्या आकड्यावर करायचा. कमाल आकडा दुकानदाराच्या कामाचा.) या 3 किलोवॅटमधून आधी घराचा भार वजा होतो, कारण जनरेटर आत आला की इन्व्हर्टर घराचा सगळा भार त्याच्यावर टाकतो आणि त्यावर आणखी चार्जिंग सुरू करतो. ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. घराचे 400 वॅट सोडले तर चार्जिंगला 2600 वॅट उरतात. एसीचे डीसी करताना सात-आठ टक्के वाया जातात, म्हणून बॅटरीपर्यंत 2400 वॅट पोचतात. भरताना बॅटरीचा व्होल्टेज 53च्या आसपास असतो. 2400ला 53ने भागले की सुमारे 45 अँपिअर येतात. जनरेटरसाठी इन्व्हर्टरमध्ये भरायचा आकडा हाच.

आता या जागी कंपनीतून आलेली 60 अँपिअरची सेटिंग तशीच राहिली असती तर काय झाले असते? 60 अँपिअरला 53 व्होल्टवर 3200 वॅट लागतात. रूपांतरातली गळती धरून ते साडेतीन किलोवॅट होतात आणि घराचा भार मिळवला की जवळजवळ चार. जनरेटर कसाबसा ओढतो. तेवढ्यात कुणी मिक्सर लावला किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की इंजिन दबते, फेरे कमी होतात, फ्रिक्वेन्सी घसरते आणि इन्व्हर्टर जनरेटरला सोडून देतो. भार सुटताच इंजिन मोकळे होऊन जोरात फिरते. मिनिटभराने इन्व्हर्टरला पुरवठा पुन्हा बरा वाटतो, तो जनरेटर परत घेतो, आणि तेच चक्र सुरू. बाहेरून याची खूण स्पष्ट असते: दर मिनिट-दोन मिनिटांनी रिलेचा टक् आवाज, इंजिनाचा चढता-उतरता सूर आणि पडद्यावर शून्यावर जाऊन येणारा चार्जिंग करंट. तासाभरात बॅटरी दोन टक्केही चढत नाही. अशा वेळी जनरेटर लहान पडतो म्हणून नवा घ्यायला निघण्याआधी करंट 30 अँपिअरवर आणून पाहावा. तेवढ्यावर चक्र थांबले तर पाच-पाच अँपिअरने वर चढत जावे आणि इंजिनाचा सूर दबू लागला की एक पायरी खाली यावे.

इन्व्हर्टरमध्ये हा करंट कुठे भरायचा हे बनावटीवर अवलंबून असते. भारतात हायब्रिड म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ इन्व्हर्टरना एसी आत घेण्याची एकच जागा असते. लाइन असो वा जनरेटर, दोन्ही तिथेच. यात चार्जिंगचे दोन आकडे वेगळे असतात: एक पॅनेल आणि एसी मिळून एकूण कमाल करंट, दुसरा फक्त एसीतून घ्यायचा कमाल करंट. बदलायचा तो दुसरा. पहिला कमी केला तर उद्या ऊन पडल्यावर पॅनेलचेही चार्जिंग अडेल. महागड्या हायब्रिडमध्ये लाइनसाठी एक आणि जनरेटरसाठी GEN अशी दोन वेगळी टर्मिनले असतात, आणि जनरेटरचा करंटही मेनूत वेगळा भरता येतो. GEN टर्मिनल काही बनावटींत जादा विजेवर चालणाऱ्या उपकरणांना वीज देण्यासाठीही वापरता येते, म्हणून जनरेटर जोडण्याआधी मेनूत ते टर्मिनल पुरवठा आत घेण्यासाठी ठरवले आहे ना, हे पाहणे भाग आहे. तसे नसेल तर इन्व्हर्टर आणि जनरेटर दोघेही एकाच तारेत वीज सोडतात आणि दोघांपैकी एकाचा धूर निघतो.

जिथे एकच एसी जागा आहे तिथे लाइन आणि जनरेटर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच लागतो. त्याला मधली बंद अवस्था असावी, आणि तो फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा, म्हणजे सिंगल फेजला दोन पोलचा असावा. चेंजओव्हरच्या ऐवजी दोन एमसीबी लावून एक पाडायचा आणि दुसरा चढवायचा अशी व्यवस्था काही वायरमन करून देतात. घरात पाहुणा आला, अंधारात हात चुकला, आणि जनरेटरची वीज मीटरमधून मागे लाइनवर गेली तर ट्रान्सफॉर्मर ती वाढवून वरच्या तारेवर पोचवतो, जिथे तुटलेली तार जोडायला लाइनमन चढलेला असतो. जनरेटरची वायर दोन्ही बाजूंनी प्लग लावून भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसणे हा तर याहून वाईट प्रकार. त्यात वीज इन्व्हर्टरच्या बाहेर जाणाऱ्या तारेतून उलटी शिरते आणि इन्व्हर्टर तत्काळ जळतो. जनरेटर नेहमी इन्व्हर्टरच्या आत येणाऱ्या बाजूलाच यायला हवा.

लाइनला वीज परत विकणाऱ्या, नेट मीटरवरच्या हायब्रिडमध्ये आणखी एक धोका असतो. असा इन्व्हर्टर समोरच्या पुरवठ्याशी सूर जुळवून जादा वीज त्यात ढकलू शकतो. लाइनच्या जागी जनरेटर आला आणि सेटिंग तीच राहिली, तर ढग फाटून ऊन पडताच पॅनेलची जादा वीज जनरेटरमध्ये शिरू पाहते. इंजिनाला वीज परत घेता येत नाही. फेरे वाढतात, व्होल्टेज वर जातो आणि एव्हीआरचे कार्ड जळते. म्हणून असा इन्व्हर्टर असेल तर GEN टर्मिनलच वापरावे. ते नसेल तर लाइनच्या टर्मिनलवर जनरेटर आहे असे सांगणारी सेटिंग मेनूत असल्याशिवाय जोडणी करू नये. लाइनला वीज न विकणाऱ्या साध्या हायब्रिडमध्ये ही भीती नसते.

अर्थिंगकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. महावितरणच्या पुरवठ्यात न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो. त्यामुळे एखाद्या उपकरणाच्या पत्र्याला फेज लागला की वीज जमिनीतून परत जाते आणि घरातला आरसीसीबी तिची गळती ओळखून पडतो. छोटा जनरेटर बहुतेक वेळा तरंगत्या न्यूट्रलचा असतो, म्हणजे त्याची कोणतीच तार जमिनीला जोडलेली नसते. तो चालू असताना आरसीसीबी नुसता शोभेचा राहतो. उपाय असा की जनरेटरसाठी अर्थिंगचा खड्डा करून त्याचे शरीर आणि न्यूट्रल दोन्ही तिथे जोडायची. हा जोड जनरेटरपाशी एकाच ठिकाणी असावा. घरातल्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ दुसऱ्यांदा एकत्र केले तर आरसीसीबी कारण नसताना पडत राहतो. दोन पोलचा चेंजओव्हर इथेही कामाला येतो, कारण लाइनचा न्यूट्रल आणि जनरेटरचा न्यूट्रल त्यामुळे एकमेकांपासून वेगळे राहतात. काम झाल्यावर आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून समाधान मानू नये. ते बटण यंत्राच्या आतलीच वाट तपासते, बाहेरचे अर्थिंग तपासत नाही. वायरमनकडून मीटर लावून खरी गळती निर्माण करून पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

करंट बरोबर, जोडणी बरोबर, तरी इन्व्हर्टर जनरेटरला स्वीकारत नाही असेही होते. मग दोष फ्रिक्वेन्सीत शोधावा. देशाच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे. यांत्रिक गव्हर्नरचे लहान इंजिन एवढे काटेकोर राहूच शकत नाही. भार नसताना ते 52 हर्ट्झवर फिरते आणि पूर्ण भारावर 50च्या खाली उतरते. इन्व्हर्टर ग्रिडच्या काटेकोर नियमांवर ठेवला असेल तर त्याला हा पुरवठा सदोष वाटणारच. म्हणून मेनूतून व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीची मर्यादा रुंद करावी लागते. एकच एसी जागा असलेल्या अनेक इन्व्हर्टरमध्ये यासाठी UPS आणि APL असे दोन पर्याय दिसतात. UPS निवडला की 170 व्होल्टच्या खालचा पुरवठा नाकारला जातो, APL निवडला की 90 व्होल्टपर्यंत घेतला जातो. APLमध्ये अदलाबदलीला थोडा जास्त वेळ लागतो आणि त्या क्षणी संगणक बंद पडण्याची शक्यता असते, पण जनरेटरसाठी तोच योग्य. एवढ्यानेही भागले नाही तर मेकॅनिककडून गव्हर्नर लावून घ्यावा. भार नसताना 51.5 ते 52 हर्ट्झ आणि चार्जिंगच्या भारावर 50च्या आसपास, हे प्रमाण साधले की बहुतेक तक्रारी मिटतात. रिकामे असताना बरोबर 50 दाखवणारा जनरेटर दिसायला आदर्श, पण भार पडला की तो 48च्या खाली जातो.

स्वस्त पेट्रोल जनरेटरमध्ये एव्हीआरऐवजी कपॅसिटरने व्होल्टेज सांभाळलेला असतो आणि त्याची लहर वेडीवाकडी असते. अशा पुरवठ्यावर इन्व्हर्टर रखडत चालतो आणि दिवे लुकलुकतात. याला कितीही सेटिंग बदलून फारसा गुण येत नाही. तिथे वेगळा बॅटरी चार्जर घेऊन जनरेटर थेट त्याला जोडणे बरे. चार्जर आपला एसीचे डीसी करतो, फ्रिक्वेन्सीची त्याला फिकीर नसते आणि इन्व्हर्टर बॅटरीवरच शांत चालत राहतो. चार्जर मात्र बॅटरीच्या जातीचा, लिथियमसाठी लिथियमचाच, आणि बॅटरीच्या मर्यादेत बसणारा हवा.

आंबोलीच्या उदाहरणातल्या घरात सगळे नीट लावले तर काय घडते? बॅटरी 25 टक्क्यांवर आली की जनरेटर सुरू करून दोन-तीन मिनिटे रिकामा फिरू द्यायचा आणि मग चेंजओव्हर फिरवायचा. 45 अँपिअरने भरत बॅटरी 80 टक्क्यांवर पोचायला सुमारे अडीच तास लागतात. मग आधी चेंजओव्हर मध्यावर आणायचा, इंजिन तीन-चार मिनिटे रिकामे फिरवून थंड होऊ द्यायचे आणि बंद करायचे. 80वर थांबायचे, कारण उद्या थोडे जरी ऊन आले तरी त्याला बॅटरीत जागा हवी. लिथियम फॉस्फेट अर्धवट भरलेल्या अवस्थेत कुरकुरत नाही. पंधरा दिवसांतून एकदा मात्र ती 100 टक्क्यांपर्यंत न्यावी, म्हणजे आतल्या सेलचा समतोल राहतो आणि पडद्यावरची टक्केवारी खरी राहते. इन्व्हर्टरमध्ये कोरडा संपर्क असलेला रिले असतो आणि जनरेटरला स्वयंचलित स्टार्ट असेल तर तो टक्केवारी पाहून जनरेटर आपोआप चालू-बंद करतो. सोय चांगली आहे, पण माणूस घरात नसताना पावसात इंजिन स्वतः सुरू होणार असेल तर डिझेल, तेल आणि धुराची वाट आधी तपासलेली असायला हवी.

त्या अडीच तासांत सुमारे पावणेतीन लिटर डिझेल लागते. लिटरला 90 रुपये धरले तर अडीचशे रुपये. त्यातून बॅटरीमार्गे घराला मिळणारी वीज युनिटला चाळीस रुपयांच्या घरात पडते. जनरेटर चालू असतानाच थेट वापरलेली वीज त्याहून थोडी स्वस्त असते, कारण बॅटरीत जाण्या-येण्यातली गळती वाचते. म्हणून पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री ही कामे त्याच वेळात उरकावीत, पण तेवढा वेळ चार्जिंगचा करंट 20वर उतरवून. एक अश्वशक्तीचा पंप सुरू होताना नेहमीच्या तिप्पट-चौपट करंट ओढतो आणि तोच क्षण जनरेटरला भारी जातो.

जुन्या ट्युब्युलर बॅटऱ्या असलेल्या घरांत गणित वेगळे होते. 150 अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्यांचा 48 व्होल्टचा संच 15 अँपिअरनेच भरावा लागतो. म्हणजे जेमतेम 800 वॅट. एवढ्यासाठी 5 केव्हीएचे डिझेल इंजिन फिरवणे हे वर सांगितलेल्या हलक्या भाराच्या दुखण्याला आमंत्रण. इथे 2 केव्हीएचा, शुद्ध लहर देणारा पेट्रोल इन्व्हर्टर-जनरेटर जास्त शोभतो. ट्युब्युलर बॅटरी 80-85 टक्क्यांनंतर करंट कमी-कमी घेऊ लागते आणि शेवटच्या पंधरा टक्क्यांना तीन-चार तास खाते. तो भाग पेट्रोलवर न ओढता उन्हासाठी राखून ठेवावा. तिला फार दिवस अर्धवट ठेवलेले चालत नाही, त्यामुळे झड ओसरली की तिला प्रथम पूर्ण भरून द्यावे.

पावसात सगळ्यात मोठी चूक जनरेटर ठेवण्याच्या जागेची होते. भिजू नये म्हणून तो पडवीत, जिन्याखाली किंवा दार लोटून गोठ्यात ठेवला जातो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. पेट्रोल इंजिनात त्याचे प्रमाण फार जास्त असते. जनरेटर घराच्या दार-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब, चारी बाजू मोकळ्या आणि वर पत्रा अशा छपराखाली ठेवावा. तिथून घरापर्यंत 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि जनरेटरच्या टोकाला 25 अँपिअरचा एमसीबी 5 केव्हीएला पुरतो.

इतके करूनही ही व्यवस्था किती वेळा वापरावी लागते यावर तिची किंमत ठरते. वर्षाकाठी दहा-बारा वेळा जनरेटर लावावा लागत असेल तर ठीक. आषाढ-श्रावणात तो एक दिवसाआड सुरू करावा लागत असेल तर त्या घरात पॅनेल कमी आहेत. आंबोलीच्या घरात पॅनेल दुप्पट केले की काळोख्या दिवशीही आणखी दोन-अडीच युनिट मिळतात, तूट निम्मी होते आणि जनरेटर चार दिवसांतून एकदा लागतो. चाळीस रुपयांच्या युनिटपुढे जादा पॅनेलचा खर्च थोड्याच पावसाळ्यांत वसूल होतो.